सुट्या गोळीचा फोटो: अक्षरांसाठी एक उजेड, रंगासाठी दुसरा

स्ट्रिपमधून सुटलेली एखादी गोळी डबीच्या तळाशी सापडते आणि ती कशाची, हे घरात कोणालाच आठवत नाही. मग तिचा फोटो निघतो आणि ओळखीच्या डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला जातो. नागपूरच्या धंतोलीत औषधाच्या दुकानात बसत असल्याने असे फोटो माझ्याकडे नेहमी येतात. त्यातल्या बहुतेकांत गोळी दिसते, पण वाचता येत नाही. पांढरा ठिपका, मागे तळहात, वरून फ्लॅशचा चकाकता डाग. गोळीवर अक्षरं होती की नव्हती, एवढंसुद्धा सांगता येत नाही.

याचं मुख्य कारण फोनचा कॅमेरा नाही. गोळीवरची अक्षरं आणि मधली रेघ वाचायला जो उजेड लागतो, त्यात रंग खोटा दिसतो. आणि रंग खरा दाखवणाऱ्या उजेडात अक्षरं बुजतात. एकाच फोटोत दोन्ही पकडायला गेलं की दोन्ही हातचं जातं. म्हणून फोटो वेगवेगळे काढायचे. ते कसे, हे खाली सविस्तर लिहिलं आहे. लागणारं सामान घरात असतंच: दोन फोन, शाळेच्या वह्यांना घालतो तो खाकी कागद, एक कोरा पांढरा कागद आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पट्टी.

एक गोष्ट सगळ्यात आधी. लहान मुलाने किंवा कोणीही अनोळखी गोळी गिळली असेल, तर फोटोच्या मागे लागू नका. १०८ ला फोन करा किंवा तडक जवळचं मोठं रुग्णालय, नागपुरात असाल तर मेडिकल कॉलेजचं नाहीतर मेयो रुग्णालय, गाठा आणि उरलेली गोळी, रिकामी स्ट्रिप, डबी जे असेल ते सोबत न्या. हा लेख निवांतपणे ओळख पटवायची असेल तेव्हासाठी आहे.

कोणती गोळी फोटोवरून ओळखू येते

अमेरिकेत १९९५ पासून असा नियम आहे की गोळी किंवा कॅप्सूलवर ओळखीची छाप हवी, आणि ती छाप, गोळीचा आकार, आकारमान व रंग मिळून औषध आणि त्याची ताकद ओळखू आली पाहिजे. काही अपवाद आहेत, आणि व्हिटॅमिनसारख्या सप्लिमेंट्सना हा नियम लागू नाही. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी किंवा दुकानात थेट मिळणारी बहुतेक औषधं यात येतात. आपल्याकडे असा सरसकट नियम नाही. आपलं औषध स्ट्रिपवरून ओळखायचं असतं. नाव, बॅच नंबर, मुदत सगळं तिथेच छापलेलं. गोळी मात्र अनेकदा दोन्ही बाजूंनी कोरी असते. त्यामुळे नागपुरात घेतलेल्या कोऱ्या पांढऱ्या गोल गोळीचा कितीही सुंदर फोटो काढला, तरी त्यावरून नाव निघणार नाही. तिथे काय करायचं, ते शेवटी येईल.

मुलं-मुली तिकडे असलेल्या घरांत मात्र अमेरिकेतल्या बाटल्या आलेल्या असतात. तिकडे गोळ्या स्ट्रिपऐवजी बाटलीत सुट्या भरून देण्याची पद्धत आहे. इथे आल्यावर त्या गोळ्या सोयीसाठी छोट्या डबीत जातात, बाटली फेकली जाते आणि ओळख म्हणून फक्त गोळीवरची छाप उरते. ही छाप वाचली गेली, तर गोळीची ओळख बऱ्याच खात्रीने पटू शकते. म्हणून हा लेख मुख्यतः अशाच गोळीबद्दल आहे. त्यातही पांढऱ्या गोळीवर दाबून उमटवलेली अक्षरं वाचणं सगळ्यात अवघड, कारण अक्षरांचा रंग गोळीचाच असतो. ती जमली की बाकीच्या सोप्या जातात.

अक्षरांचा फोटो: उजेड बाजूने, तोही टेबलालगत

दाबलेली अक्षरं म्हणजे गोळीच्या पाठीवरच्या उथळ चरा. त्यात शाई नसते. त्या दिसतात फक्त सावलीमुळे. उजेड डोक्यावरून पडला की चरीच्या तळाशी आणि काठावर तेवढाच प्रकाश पोचतो, मग सावली कुठून येणार? फ्लॅश तर लेन्सच्या अगदी शेजारीच असतो, त्यामुळे जी काही सावली पडते ती लेन्सला दिसतच नाही. उलट, सूर्य मावळतीला आला की नांगरलेल्या वावरातली प्रत्येक चर लांबून मोजता येते. भर दुपारी तेच वावर सपाट दिसतं. गोळीवर आपल्याला मावळतीचा उजेड हवा.

खोलीतले दिवे बंद करा किंवा पडदा ओढून घ्या. टेबलावर खाकी कागद पसरा. कागद चकचकीत नको, डिझाइनचा नको. खाकी रंग मी मुद्दाम सांगतो. काळ्या कागदावर पांढरी गोळी ठेवली की फोनला समोर सगळा अंधार आहे असं वाटतं आणि तो फोटो उजळ करतो, गोळी भगभगीत पांढरी होते. पांढऱ्या कागदावर गोळीची कडाच हरवते. खाकी रंग मधला असल्याने फोनची गफलत कमी होते.

गोळी कोरड्या चिमट्याने किंवा कोरड्या बोटांनी कडेला धरून ठेवा. भुकटी लागलेली असेल तर चित्रकलेच्या मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटका. ओल्या कपड्याने पुसू नका. वरचा थर विरघळतो आणि शाईची छाप असेल तर तीही जाते. उन्हाळ्यात कूलर सुरू असेल तर त्याच्या झोतात गोळी ठेवू नका, तिथली हवा दमट असते आणि काही गोळ्या ओल फार पटकन धरतात. गोळी तुटलेली असेल तर घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावू नये आणि इतरांनीही हातमोजे घालावेत. फिनास्टेराइडसारख्या काही गोळ्यांच्या माहितीपत्रकात गरोदर स्त्रीने तुटलेली गोळी हाताळू नये, अशी स्पष्ट सूचना असते, आणि आपल्या हातातली गोळी कोणती हे तर अजून ठरायचंच आहे.

आता दुसऱ्या फोनचा टॉर्च लावा आणि तो गोळीपासून साधारण एका वितीवर, टेबलापासून चार-पाच सेंटिमीटर उंचीवर आडवा धरा. उजेड गोळीच्या पाठीवरून घासत गेला पाहिजे. पहिल्या फोनच्या पडद्याकडे बघत टॉर्च अगदी हळू वर-खाली करा. फार खाली गेला की गोळीच्या फुगवट्याचीच सावली पडते आणि अर्धी गोळी काळी होते. फार वर गेला की अक्षरं विरतात. मधे एक जागा अशी सापडते जिथे अक्षरं एकदम उठून दिसतात. तिथे हात थांबवा, किंवा टॉर्चचा फोन एखाद्या वहीच्या चळतीला टेकवून ठेवा.

गोळीवर चकचकीत लेप असेल तर टॉर्चचा एक पांढरा डाग पाठीवर बसतो आणि नेमकं एखादं अक्षर गिळतो. टॉर्चवर पांढऱ्या टिश्यूचा एक पदर किंवा बटर पेपरचा तुकडा धरा. डाग पसरून फिका होतो आणि सावल्या टिकून राहतात. त्यानेही भागलं नाही तर टॉर्च थोडा बाजूला सरकवा. डाग त्याच्यासोबत सरकतो, अक्षर जागेवरच राहतं.

उजेड कोणत्या दिशेने येतो, यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण चुकीचं वाचन इथेच होतं. चरीला आडवा जाणारा उजेड सावली पाडतो. चरीच्याच दिशेने जाणारा उजेड तिच्यातून सरळ निघून जातो आणि ती चर फोटोत नाहीशी होते. म्हणजे डावीकडून उजेड दिला तर अक्षरांच्या उभ्या रेघा दिसतात, आडव्या हरवतात. वरच्या बाजूने दिला तर उलट होतं. म्हणून पहिला फोटो डाव्या-वरच्या कोपऱ्यातून तिरका उजेड देऊन काढा आणि दुसरा उजव्या-वरच्या कोपऱ्यातून. खालच्या बाजूने, म्हणजे तुमच्या पोटाकडून, उजेड शक्यतो देऊ नका. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असल्याने तशा फोटोत दाबलेली अक्षरं उठावदार भासतात आणि पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो.

फोन किती जवळ न्यायचा

गोळी लहान, म्हणून माणूस फोन तिला चिकटवायला जातो. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा दहा सेंटिमीटरच्या आत नीट फोकस करू शकत नाही. गोळी धूसर आणि मागचा कागद स्पष्ट येतो. पंधरा ते वीस सेंटिमीटरवर थांबा आणि दुप्पट झूम करा. याहून जास्त झूम नको, अक्षरांच्या कडा ओघळल्यासारख्या दिसायला लागतात. मॅक्रो मोड चांगल्या फोनमध्ये उपयोगी पडतो, पण तो वापरताना फोन इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली गोळीवर पडते. स्वस्त फोनमधला वेगळा मॅक्रो कॅमेरा तर बहुतेकदा मुख्य कॅमेऱ्यापेक्षा कमी तपशील देतो. दोन्ही करून बघा आणि जे स्पष्ट येईल ते ठेवा.

फोन हातात धरला तर एवढ्या जवळून थरथर दिसतेच. दोन बाजूंना सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या चळती रचा, त्यांवर फोन आडवा टेकवा, कॅमेरा मधल्या मोकळ्या जागेवर येऊ द्या आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. फोन टेबलाला समांतर हवा. तो कललेला असेल तर गोल गोळी लांबट दिसते आणि आकाराची नोंदच चुकते.

पडद्यावर गोळीला बोटाने दाबून धरा, म्हणजे फोकस तिथे बांधला जातो. मग शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढा. गोळी किंचित राखाडी वाटेपर्यंत ओढा. ती फोटोत ठार पांढरी आली असेल तर त्या भागात काही नोंदवलंच गेलेलं नसतं, आणि नंतर ॲपमध्ये कितीही काळोखी केली तरी अक्षरं परत येत नाहीत. थोडा अंधारलेला फोटो मात्र नंतर उजळ करता येतो. फ्लॅश बंद. ब्यूटी, फिल्टर, दृश्य ओळखून रंग खुलवणारी सोय, नाइट मोड हे सगळंही बंद, कारण त्यात फोन कडा गुळगुळीत करतो किंवा नसलेला पोत घालतो आणि अशा वेळी ३ चा ८ व्हायला वेळ लागत नाही.

प्रतापनगरच्या काकूंची गोळी

हे सगळं एका गोळीवर कसं लागू होतं ते सांगतो. प्रतापनगरला राहणाऱ्या एक काकू आमच्या नेहमीच्या. मुलाने अमेरिकेहून येताना अंगदुखीसाठी गोळ्या आणल्या होत्या, काकूंनी त्या स्टीलच्या डबीत काढल्या आणि बाटली रद्दीसोबत गेली. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या फोटोत गोळी तळहातावर होती, वर ट्यूबलाइट आणि फ्लॅशही. गोळी पांढरी आणि लांबट आहे, एवढंच कळलं.

मी त्यांना खाकी कागद, टॉर्च आणि पुस्तकांचं सांगितलं. थोड्या वेळाने दुसरा फोटो आला आणि पाठोपाठ फोन.

“भाऊ, आता साफ दिसतंय. एक हजार चारशे चौऱ्याऐंशी लिहिलंय.”

“काकू, टॉर्च कुठून धरला होता?”

“डावीकडून. गोळीच्या टोकाकडून.”

“आता तो डाव्या-वरच्या कोपऱ्यात न्या. गोळी हलवू नका, फक्त टॉर्च.”

पुढच्या फोटोत पहिल्या आकड्याच्या पायाशी उजवीकडे जाणारी छोटी आडवी रेघ आली होती. तो 1 नव्हता, L होता. गोळीवर L484 होतं. टोकाकडून येणारा उजेड L च्या आडव्या पायातून सरळ निघून गेला होता आणि उभी दांडी तेवढी सावली पाडून राहिली होती. दोन्ही 4 चे आडवे दांडेही त्या आधीच्या फोटोत फिकेच होते. फोटो मोठा करून पाहिल्यावर ते लक्षात आलं. अशा वेळी संशय घ्यायला ही चांगली खूण आहे: सगळ्या अक्षरांच्या उभ्या रेघा ठळक आणि आडव्या फिक्या असतील, तर उजेडाची दिशा बदलून आणखी एक फोटो काढा.

मग मी त्यांना गोळी उलटी करून मागच्या बाजूचाही तसाच फोटो मागितला. मागची बाजू कोरी निघाली आणि रेघ कुठेच नव्हती. कोरी बाजू दाखवणारा फोटोही पाठवावाच लागतो. तो नसेल तर पाहणाऱ्याला कळत नाही की मागे काहीच नाही, की तुम्ही मागचं पाहिलंच नाही.

पांढरी, कॅप्सूलच्या आकाराची, एका बाजूला L484, दुसरी कोरी, रेघ नाही, लांबी दीड सेंटिमीटरहून थोडी जास्त: ही अ‍ॅसिटामिनोफेन ५०० मिलिग्रॅम. तिकडे ज्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात तेच आपलं पॅरासिटामॉल. हे काकूंना माहीत नव्हतं, आणि अंगात कणकण असली की त्या घरातलं पॅरासिटामॉलही घ्यायच्या. वेगवेगळी औषधं समजून एकच औषध दोनदा घेतलं जात होतं, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृतावर बेततं. डबीवर चिठ्ठी चिकटवून त्यावर दोन्ही नावं लिहायला सांगितली.

रेघ आणि आकार

गोळीच्या मधली रेघ ही सुद्धा चरच आहे, तिलाही उजेड आडवा लागतो. रेघ उभी दिसत असेल तर उजेड डावीकडून किंवा उजवीकडून. अधिकच्या खुणेसारखी फुली असेल तर कोपऱ्यातून. रेघ गोळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते की मधेच थांबते, एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे, आणि अक्षरं रेघेच्या कोणत्या बाजूला आहेत, हे फोटोत यायला हवं. ५ आणि ४ यांच्या मधून रेघ गेली असेल तर ते चोपन्न असेल किंवा नसेल. वाचणारा ते ठरवेल, तुम्ही फक्त दाखवा. अमेरिकेतल्या औषधांची अधिकृत माहिती DailyMed या संकेतस्थळावर असते. तिथे रेघेची नोंद किती तुकडे होतात यावरून करतात. `2 pieces` म्हणजे रेघ एक. दोन रेघा असं समजून तुमची गोळी बाद करू नका. रेघ नसेल तर `no score` लिहिलेलं असतं. दोन बाजूंच्या छापा तिथे अर्धविरामाने वेगळ्या केलेल्या असतात, तो अर्धविराम गोळीवर शोधू नका.

आकारासाठी एक फोटो बरोबर वरून आणि एक बाजूने, फोन टेबलाच्या पातळीला आणून. वरून गोल दिसणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक सपाट असते, दुसरी दोन्हीकडून फुगीर. हा फरक बाजूच्या फोटोतच कळतो. लांबट गोळीत आणखी एक बारकावा आहे. कडा मधे सरळ, समांतर असतील तर ती कॅप्सूलच्या आकाराची. कडा सलग वळत गेल्या असतील तर अंडाकृती. शोधताना हे दोन आकार वेगळे धरले जातात.

मापासाठी गोळीला लागून पट्टी ठेवा, शून्याची खूण गोळीच्या कडेशी जुळवा. पट्टी पातळ असेल तर तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून तिला गोळीच्या उंचीवर आणा, म्हणजे माप तिरकं पडत नाही. पुष्कळ जण शेजारी रुपयाचं नाणं ठेवतात. वेगवेगळ्या वर्षांतल्या रुपयाच्या नाण्यांचा व्यास सारखा नाही, त्यामुळे त्यावरून माप निघत नाही.

रंगाचा फोटो: टॉर्च बंद, खिडकी उघडी

रंग कशाला इतका जपायचा, तर वॉरफेरिनचं उदाहरण घ्या. रक्त पातळ ठेवणारं हे औषध अमेरिकेत वेगवेगळ्या ताकदीत मिळतं आणि प्रत्येक ताकदीचा रंग तिथे ठरलेला आहे: १ मिलिग्रॅम गुलाबी, ५ मिलिग्रॅम पीच, अडीच मिलिग्रॅम हिरवा, ६ मिलिग्रॅम निळसर हिरवा. पिवळ्या बल्बखाली गुलाबी आणि पीच जवळपास सारखे दिसतात, आणि तिथे ताकदीत पाचपट फरक आहे. रक्तस्राव होऊ शकणारं औषध असताना हा फरक चालत नाही. आकडा वाचला गेला असेल तर रंग त्याची साक्ष देतो. आकडा अर्धवट असेल तर रंगच आधार. हे ठरलेले रंग तिकडच्या गोळ्यांचे आहेत. भारतात घेतलेल्या गोळीची ताकद त्या रंगांवरून ठरवू नका.

या फोटोला दिवसाचा सावलीतला उजेड लागतो. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम. नाहीतर सकाळी किंवा दुपार कलल्यावर, ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ टेबल न्या. नागपूरच्या वैशाखातलं ऊन थेट गोळीवर घेऊ नका, त्यात फिके रंग धुऊन जातात आणि कॅप्सूल असेल तर ती मऊही पडते. पावसाळ्यातला ढगाळ दिवस या कामाला फार चांगला. खोलीतली ट्यूब आणि बल्ब बंदच ठेवा, कारण दोन जातींचे उजेड मिसळले की गोळीची एक बाजू पिवळी, दुसरी निळी येते आणि ते नंतर सुधारता येत नाही.

आजूबाजूला काय आहे तेही बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात गॅलरीला हिरवी नेट बांधलेली असते. तिच्यातून येणारा उजेड हिरवट असतो, आणि डोळा त्याला सरावतो म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. फोटोत मात्र पांढरी गोळी पिस्त्याच्या रंगाची निघते. रंगीत पडदे, गडद भिंत, अंगातला लाल कुर्ता, सगळे थोडा थोडा रंग टाकतात.

खाकी कागद आता बाजूला ठेवा, तोही पिवळसर छटा देतो. गोळी राखाडी पुठ्ठ्यावर ठेवा आणि शेजारी चौकटीत येईल असा कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा. पाहणारा आधी कागद बघेल. कागद पांढरा आला असेल तर गोळीचा रंग विश्वासाचा; कागदच पिवळा आला असेल तर गोळीचा पिवळेपणा उजेडाचा आहे हे त्याला कळेल. छपाईचे बरेच कागद दिवसाच्या उजेडात किंचित निळसर झळकतात, पण एवढ्या फरकाने आपल्या कामात अडचण येत नाही. फोटो सुधारण्याच्या नादात रंगाच्या पट्ट्या सरकवू नका. जसा आला तसा पाठवा.

शाईने छापलेल्या गोळ्या आणि कॅप्सूल याच उजेडात वाचाव्यात. शाईला सावली नसते, त्यामुळे टॉर्चचा तिथे उपयोग नाही, उलट चकाकी वाढते. कॅप्सूलवर छाप गोलाई धरून फिरलेली असते, म्हणून ती थोडी थोडी वळवत तीन-चार फोटो काढा आणि दोन्ही टोपणांचे रंग वेगळे दिसू द्या. घामेजल्या बोटांनी शाई पुसली जाते, तेव्हा चिमटाच बरा.

पाठवण्याआधी

फोटो फोनवर मोठा करून स्वतः वाचा. तुम्हाला वाचता येत नसेल तर पलीकडच्यालाही येणार नाही. मग फोटो उलटा फिरवून पुन्हा वाचा, कारण ६ आणि ९ किंवा M आणि W हे गोळी कशी ठेवली त्यावर ठरतात. शून्य आणि O, ५ आणि S, ८ आणि B यांत शंका असेल तर शंका आहे असंच लिहा. अंदाजाने एक निवडून पाठवलं तर पुढचा माणूस तेच धरून शोधतो आणि भलत्याच औषधावर पोचतो.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं पहिली जातात. गोळीच्या आसपासची रिकामी जागा कापा आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्रेममध्ये नाव-पत्ता असलेली डॉक्टरांची चिठ्ठी येऊ देऊ नका. सोबत चार ओळी लिहा: दोन्ही बाजूंना काय लिहिलंय, रंग, आकार, रेघ, लांबी, गोळी कुठून आली आणि घरात कोणाला कोणती औषधं सुरू आहेत. गोळीचे दोन तुकडे झाले असतील तर ते जोडायला जाऊ नका, शेजारी-शेजारी ठेवून एकच फोटो काढा.

गोळी स्वतः कागदाच्या कोरड्या पुडीत ठेवा, पुडीवर तारीख आणि कुठे सापडली ते लिहा आणि उंचावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. फोटोवरून ओळख पटली तरी ती आतमध्ये काय असावं याची ओळख आहे. गोळी किती जुनी आहे, उन्हात राहिली का, नकली आहे का, हे फोटो सांगू शकत नाही. म्हणून ती घ्यायची की टाकायची हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारूनच.

आणि जिच्यावर काहीच नाही ती इथली कोरी गोळी? तिचे फोटो काढत बसण्यापेक्षा घरातली औषधांची बिलं शोधा. बिलावर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत असते. दुकान नेहमीचं असेल तर तिथल्या संगणकातही तुमची जुनी खरेदी सापडते. गोळी आणि बिल दोन्ही घेऊन दुकानात जा. फार्मासिस्ट तेच औषध शेल्फवरून काढून शेजारी ठेवून पाहू शकतो. तरीही खात्री झाली नाही, तर ती गोळी कोणालाही देऊ नका. आणि पुढच्या वेळी स्ट्रिप कापून घ्यावी लागली, तर नाव आणि मुदत असलेला भाग तुमच्याकडे येईल अशी कापून मागा किंवा कापण्याआधी अख्ख्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो घ्या. स्ट्रिपची फॉइल चमकते, तेव्हा तिथेही फ्लॅश बंद आणि खिडकीचा उजेड.